फोटो बोलतो म्हणे! मग त्याची उलटतपासणी घ्या



कापसाची गाडी जिनिंगच्या काट्यावर लागते तेव्हा आपण काय करतो? गाडी चढण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघतो. आकडा आपल्या डोळ्यांनी वाचतो, मग पावती हातात घेतो. मापारी म्हणाला की "आकडा मी बघितलाय, तुम्ही फक्त पावती घ्या", तर त्या फाटकावर भांडण झाल्याशिवाय राहत नाही. इतका शहाणा माणूस विजेच्या बिलासमोर मात्र मुका होतो. बिलावर टपालाच्या तिकिटाएवढा काळपट फोटो छापलेला असतो. कार्यालयातले साहेब त्याच्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "फोटो आहे ना! फोटो कधी खोटं बोलतो का?" आपण पागोटे सावरतो आणि बाहेर पडतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. फोटो खोटे बोलतो. आकडा लिहिणाऱ्याचा हात खोटा असू शकतो, तसा फोटो काढणाऱ्याचा आणि फोटो साठवणाऱ्याचाही असू शकतो. मोबाइलवर आकड्याची एक रेघ वाढवायला आज दोन मिनिटे लागतात. म्हणून फोटो हा साक्षीदार समजावा, न्यायाधीश समजू नये. आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची असते. ती कशी घ्यायची हे या वेळी लिहीत आहोत. कारण सध्या गावोगाव जुने मीटर काढून नवे बसवले जात आहेत. जुने मीटर भिंतीवर होते तोवर फोटोवर शंका आली तर अंगणात जाऊन आकडा वाचता येत होता. मीटर गाडीत टाकून नेले की त्याचा शेवटचा आकडा फक्त त्या फोटोत उरतो. तो फोटो खरा की खोटा यावर एका वेचणीचे पैसे घरात राहतात की जातात, हे ठरते.

आमच्या पाहण्यातली एक तक्रार आधी सांगतो. दोन खोल्यांचे घर, चार एकर कोरडवाहू, निम्म्यात कापूस आणि निम्म्यात ज्वारी. घरातल्या काकांचे वीजबिल महिन्याला सत्तर-ऐंशी युनिटांच्या पुढे कधी गेले नव्हते. मीटर बदलले आणि पुढचे बिल आले ८७५ युनिटांचे. मागचे रीडिंग 3961, जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग 4836. (मीटरच्या पडद्यावर आकडे इंग्रजीत असतात. त्यांच्या आकारावरच पुढचे सगळे अवलंबून आहे, म्हणून इथेही ते तसेच छापले आहेत.) काका तीनदा कार्यालयात गेले. तिन्ही वेळा उत्तर एकच, फोटो आहे.

आम्ही पहिली गोष्ट केली ती ही की बिलावरच्या फोटोवर एक शब्दही बोललो नाही. त्या छपाईत काहीच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर भांडणारा माणूस हरतो. लेखी अर्ज देऊन मूळ फाइल मागितली. छापील कागद नको, व्हॉट्सॲपवर आलेली प्रत नको, फोटो काढल्यावर जी फाइल जमा झाली तीच हवी, असे अर्जात स्पष्ट लिहिले. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. आकड्यांच्या कडेचे बारकावे त्यात पुसले जातात आणि फोटो कधी, कोणत्या फोनने काढला ही फाइलच्या पोटातली नोंदही गळून पडते. दोन खेपा आणि एक आठवडा गेला, पण फाइल पेन ड्राइव्हवर मिळाली. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर ती उघडली आणि चौपट मोठी केली.

आता इथे थोडे थांबून मीटरचा पडदा समजून घेऊ. इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा प्रत्येक आकडा सात काड्यांचा बनतो. वर एक आडवी, मध्ये एक आडवी, खाली एक आडवी, आणि डाव्या-उजव्या बाजूला दोन-दोन उभ्या. सातही काड्या काळ्या झाल्या की 8. मधली आडवी काडी सोडून बाकी सहा काळ्या झाल्या की 0. उजवीकडच्या फक्त दोन उभ्या काड्या काळ्या झाल्या की 1, आणि त्यावर वरची आडवी काडी आली की 7. याचा अर्थ काय? 0 चा 8 करायला एक काडी पुरते. 1 चा 7 करायला एक काडी पुरते. 5 चा 6 किंवा 5 चा 9 करायलाही एकच. खोटा आकडा करणारा माणूस पूर्ण आकडा नव्याने काढत बसत नाही, तो एक काडी ओढतो. म्हणून शंकेचा आकडा कोणता असेल हेही आधीच ठरवता येते. मागच्या रीडिंगमध्ये सरासरी महिन्याचे युनिट मिळवा, जो आकडा येतो तो फोटोतल्या आकड्यापासून एका काडीच्या अंतरावर आहे का बघा. काकांचे 3961 अधिक पंच्याहत्तरच्या आसपास म्हणजे 4036. फोटोत 4836. शेकड्याच्या घरात 0 च्या जागी 8. एक काडी. ही काडी सोन्याची, कारण ती ८०० युनिटांची होती.

पण एवढ्यावर कोणाला चोर म्हणायचे नाही. शंका आणि पुरावा यांच्यात अजून बरेच अंतर असते. शेतकी महाविद्यालयात आमच्या हातात पहिल्यांदा भिंग दिले तेव्हा मास्तरांनी सांगितले होते की तुडतुडे बघायचे तर पान उलटा, वरून पान हिरवेच दिसणार. फोटोचेही तसेच. आकडा वाचू नका, आकड्याची काडी बघा.

मीटरच्या पडद्यात काड्या असतात त्या दोन काचांच्या मध्ये. त्यांच्या मागे, मागच्या काचेच्या पलीकडे, चंदेरी-राखाडी पाटी असते. काडी आणि पाटी यांच्यात काचेच्या जाडीएवढे अंतर राहते. म्हणून वरून किंवा बाजूने उजेड आला की प्रत्येक काळ्या काडीची बारीक सावली मागच्या पाटीवर पडते. फोटो मोठा केला की काडीच्या लगत केसाएवढी फिकी राखाडी रेघ दिसते. सगळ्या काड्यांची सावली एकाच बाजूला आणि सारखीच, कारण उजेड एकच आहे. काकांच्या फोटोत 4 च्या मधल्या काडीखाली ही सावली होती. 3 च्या मधल्या काडीखाली होती. 6 च्या मधल्या काडीखालीही होती. 8 च्या मधल्या काडीखाली काहीच नव्हते, सरळ स्वच्छ पाटी. मीटरमधल्या काडीला सावली असते, फोटोवर नंतर ओढलेल्या काडीला ती कुठून येणार?

काडीची टोकेही बघावीत. खऱ्या काड्यांची टोके तिरपी कापलेली असतात आणि शेजारच्या काडीपाशी बारीक फट राहते. एकाच पडद्यावरच्या सगळ्या काड्यांचा साचा एकच असतो. या 8 ची मधली काडी दोन्ही टोकांना चौकोनी होती आणि डावीकडची फट बुजली होती. शिवाय बाकी काड्या तपकिरी-काळ्या, ही मात्र शाईसारखी काळीकुट्ट. आमच्याबरोबर आलेला नववीतला पोरगा ते पाहून म्हणाला, "काका, ही काडी दुसऱ्या पेनाची वाटते."

आता चकाकीकडे येऊ. साहेबांनी आमच्यासमोर टाकलेला हुकमाचा पत्ता हाच होता. "अहो, काचेवर चमक आली आहे, त्यामुळे एक काडी वेगळी दिसते. त्यात काय एवढं?" चमक खरेच आली होती. मीटर ओसरीत होते, समोरच्या उघड्या दाराचा उजेड काचेवर तिरपा पट्टा होऊन पडला होता, आणि तो पट्टा बरोबर 8 आणि 3 वरून गेला होता. साहेबांना वाटले की हा पट्टा त्यांच्या बाजूचा साक्षीदार आहे. तो निघाला आमच्या बाजूचा.

उन्हात उभे राहून मोबाइल बघितला की काय होते? काचेवर आभाळ दिसते आणि अक्षरे फिकी पडतात. काचेवरची चमक म्हणजे वरून ओतलेला जादा उजेड. तो काळ्यावर पडला तर काळ्याचे राखाडी होते, राखाडीचे पांढरे होते. चमकेखाली कोणतीही वस्तू आहे त्यापेक्षा जास्त काळी दिसू शकत नाही. काकांच्या फोटोत त्या पट्ट्याखाली 3 राखाडी झाला होता. 8 च्या बाहेरच्या सहा काड्याही तितक्याच राखाडी झाल्या होत्या. फक्त मधली काडी पट्ट्याच्या आत असून काळीभोर होती, पट्ट्याबाहेरच्या 4 पेक्षाही काळी. म्हणजे ती काडी काचेच्या मागे नव्हती, चमकेच्या वर होती. फोटो निघून गेल्यानंतर ती वर बसली. एवढे दाखवल्यावर साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यानंतर चमकेची गोष्ट त्यांनी काढली नाही.

चमक आणखी एका कामासाठी वापरतात, आणि ते ओळखणे शिकले पाहिजे. आकडा बदलण्यापेक्षा झाकणे सोपे असते. एखाद्या आकड्यावर पांढरा ठिपका आणून ठेवायचा आणि म्हणायचे, फ्लॅश पडला. खऱ्या चमकेला आकड्याची चौकट माहीत नसते. ती बाहेरच्या काचेवर पडते, म्हणून पडद्यावरून, पडद्याच्या कडेवरून, शेजारच्या छापील पाटीवरून सलग जाते. चमकेचा डाग पडद्याच्या कडेशी येऊन सुरीने कापल्यासारखा थांबला, तर पडद्याचा तुकडा किंवा तो डाग नंतर चिकटवला आहे असा संशय घ्यावा. फ्लॅशची आणखी एक खूण आहे. फोनचा फ्लॅश कॅमेऱ्याला खेटून असतो. मीटरसमोर सरळ उभे राहून फोटो काढला तर फ्लॅशचा ठिपका काचेवर कॅमेऱ्याच्या अगदी समोर, म्हणजे फोटोच्या मधल्या भागात येतो. फोन तिरपा धरून बाजूने काढला तर सपाट काचेवरून उजेड दुसरीकडे निघून जातो आणि ठिपका दिसत नाही. घरच्या आरशासमोर बॅटरी धरून हे पाच मिनिटांत पडताळता येईल. मीटरच्या कडा फोटोत चांगल्या तिरप्या दिसतात, तरी फ्लॅशचा गोळा नेमका एका आकड्यावर बसला आहे, असे असेल तर मूळ फाइल मागितल्याशिवाय बिल मान्य करू नये. काच फुगीर किंवा चरे पडलेली असेल तर मात्र हा नियम लंगडा पडतो, हे ध्यानात ठेवावे.

काचेत फक्त चमक दिसते असे नाही, जागाही दिसते. ओसरीतल्या मीटरच्या काचेत दार दिसेल, अंगण दिसेल, फोन धरलेला हात दिसेल. आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या एका फोटोत काचेत लांब ट्यूबलाइट दिसत होती. घराबाहेरच्या भिंतीवरचे मीटर, वर पत्र्याची पडवी, आणि बिलावर नोंद भर दुपारची. तिथे ट्यूबलाइट कुठून आली? तोच फोटो मोठा केल्यावर त्यात लाटांसारखे फिके रंगीत पट्टे दिसले. एका चाळणीवर दुसरी चाळणी धरून उजेडाकडे पाहिले की जशी नक्षी हलते, तसे. फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्याचा फोटो काढला की तसे पट्टे उमटतात, कारण पडदा बारीक ठिपक्यांचा असतो आणि कॅमेराही ठिपक्यांनीच बघतो. अर्थ उघड आहे. रीडिंगवाला पोरगा गावात आलाच नव्हता. कुठल्या तरी खोलीत ट्यूबलाइटखाली बसून एका फोनवरच्या जुन्या फोटोचा दुसऱ्या फोनने फोटो काढला होता. आकडा बदललेला नव्हता, फोटोच शिळा होता. त्या पोराला फोटोमागे पैसे मिळतात आणि दिवसाला गावे नेमून दिलेली असतात. त्याला शिव्या घालून आपले काही भागणार नाही. त्याच्या कंत्राटावर सही करणाऱ्याला विचारा.

हे सगळे वाचून कोणी भिंग घेऊन प्रत्येक बिलामागे लागेल, म्हणून आमची एक फजितीही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या फोटोत आकड्यांभोवती पांढरट वलये आणि चौकोनी डाग दिसले. आम्ही छातीठोकपणे सांगितले की आकडे चिकटवले आहेत, आणि वीस माणसे घेऊन कार्यालयात गेलो. तिथल्या एका तरुण अभियंत्याने शांतपणे आमच्याबरोबर येऊन मीटर दाखवले. आकडा जसाच्या तसा होता. आमच्या हातातला फोटो चार फोनांतून फिरून आलेला होता. दाबून लहान केलेल्या फोटोत काळ्या कडेभोवती असे डाग आपोआप येतात, आणि हल्लीचे फोन तर फोटो काढतानाच कडा धारदार करून टाकतात. परत येताना गाडीत कोणी बोलले नाही. तेव्हापासून आमचा नेम असा की एका खुणेवर आरोप करायचा नाही, आणि मूळ फाइल नसेल तर मुळीच करायचा नाही. एखाद्या मीटरच्या पडद्याची काडी मेलेली असते, 8 चा 6 किंवा 0 दिसतो. आतला दिवा लागणाऱ्या पडद्यावर काड्यांची सावली कोणत्याच आकड्याला दिसत नाही. म्हणून तुलना नेहमी त्याच फोटोतल्या दुसऱ्या काड्यांशी करावी. एकच काडी वेगळी वागते का, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक चूक सर्रास होते, ती फसवणूक नसते. मीटरचा पडदा आकडे फिरवत राहतो. कधी तारीख, कधी दाब, कधी मागच्या महिन्याचे रीडिंग, कधी सर्वाधिक मागणी. फोटोत आकड्याशेजारी kWh हे चिन्ह आहे का ते आधी बघा. नसेल तर तो आकडा युनिटांचा असेलच असे नाही. आणि त्याही आधी पाटीवरचा मीटर क्रमांक बिलाशी जुळवा. शेजाऱ्याच्या मीटरचा खरा फोटो आपल्या बिलावर आलेला आम्ही पाहिला आहे. तिथे काडीची सावली बघत बसण्यात काय अर्थ?

काकांच्या तक्रारीत आम्ही फोटोपाशी थांबलो नाही. घरातली उपकरणे कागदावर मांडली. ९ वॅटचे चार दिवे, ७५ वॅटचे दोन पंखे, ८० वॅटचा टीव्ही आणि १० वॅटचा मोबाइल चार्जर. सगळे मिळून २७६ वॅट. हे सगळे रात्रंदिवस एक मिनिटही बंद न करता तीस दिवस चालवले, म्हणजे ७२० तास, तरी युनिट होतात जवळपास १९९. बिल ८७५ चे. तेवढे जाळायला त्या दोन खोल्यांत महिनाभर अहोरात्र बाराशे वॅटचे काहीतरी सुरू पाहिजे. साहेब म्हणाले, "शेगडी वापरली असेल." आम्ही म्हणालो, बरोबर, घरात काय आहे हे तुम्ही पाहिले नाही, तसेच मीटरवर काय होते हे आम्ही पाहिले नाही. तेव्हा ज्याने पाहिले आहे त्यालाच विचारू. मीटर मागवा.

हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. काढून नेलेले इलेक्ट्रॉनिक मीटर आपला आकडा विसरत नाही. वीज तोडली तरी आकडा त्याच्या स्मरणात राहतो, पुन्हा वीज दिली की पडद्यावर उगवतो. म्हणून फोटोवर वाद असेल तर पहिल्याच अर्जात, मीटर क्रमांक लिहून, हे मीटर वाद मिटेपर्यंत जपून ठेवावे आणि आमच्यासमोर चालू करून दाखवावे अशी मागणी करावी. उशीर केला तर मीटर भंगारात जाते आणि मग फोटो एकटाच उरतो. काकांचे मीटर भांडाराच्या कोपऱ्यात एका पोत्यात सापडले. क्रमांक जुळवला, सील बघितले, टेबलावर वीज जोडली. पडदा आधी सगळे 8 दाखवून गेला, मग तारीख, मग युनिट. 004036. तिथल्या तिथे पंचनामा लिहून घेतला, पाच सह्या झाल्या. बिल ७५ युनिटांचे झाले.

काडी कोणी ओढली हे कार्यालयाने सांगितले नाही. आमचा अंदाज असा की आकडा नोंदवताना चमकेमुळे 0 चा 8 वाचला गेला, ती साधी चूक होती. तक्रार आल्यावर चूक कबूल करण्याऐवजी कोणीतरी फोटोच चुकीशी जुळवून घेतला. माणसाची चूक आम्ही समजू शकतो. चुकीचा पुरावा तयार करणे ही चूक नाही.

वाद चालू असताना लाइन तोडण्याची धमकी येते, तिला घाबरू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. काकांनी सरासरीचे पैसे भरले, पावतीवर "निषेधासह" असे लिहून घेतले. कार्यालयात दाद लागली नाही तर त्याच कायद्याखाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तिथे वकील नसला तरी चालतो, पण मूळ फाइल, मोठे केलेले तुकडे आणि उपकरणांचा हिशोब घेऊन जा. तोंडी गाऱ्हाणे घेऊन जाऊ नका.

आता घरातली गोष्ट. आपल्यातलेही काही शहाणे आपणच रीडिंग पाठवायच्या सोयीत 8 ची मधली काडी पुसून 0 करून पाठवतात. पुसलेल्या जागी पाटीचा बारीक खरखरीतपणा नाहीसा होऊन गुळगुळीत डाग राहतो, तो दिसतोच. न दिसला तरी मीटर तिथेच असते आणि पुढच्या वेळी सगळे युनिट एकदम अंगावर येतात, वर गुन्ह्याची भीती. अशा माणसाच्या तक्रारीला आम्ही हात लावणार नाही.

जुनी जीप किंवा पिकअप घेतानाही हल्ली किलोमीटरच्या आकड्याचा फोटो फोनवर येतो. चाकांवर फिरणारे आकडे असतील तर एक साधी खूण बघा. उजवीकडचे चाक 9 वरून 0 वर जात असतानाच त्याच्या डावीकडचे चाक हलते. उजवीकडे 3 किंवा 4 नीट बसलेला आहे आणि डावीकडचा आकडा दोन घरांच्या मध्ये अडकलेला आहे, तर एक तर फोटो जुळवला आहे, नाही तर चाके हाताने फिरवली आहेत. पडद्यावरचे डिजिटल आकडे असतील तर फोटो अगदी खरा असूनही आकडा खोटा असू शकतो, कारण तो गाडीतच बदलून घेता येतो. तिथे फोटो सोडा. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर आणि सर्व्हिसच्या पावत्या बघा.

ज्यांच्याकडे अजून जुने मीटर आहे त्यांनी मीटर बदलायला माणसे येतील त्या दिवशी घरातल्या पोराला कामाला लावा. फ्लॅश बंद ठेवून, मीटरसमोर सरळ उभे राहून, आधी मीटर क्रमांक आणि सील दिसेल असा एक फोटो. मग पडदा एक फेरी पूर्ण फिरेपर्यंत, तारीख आणि kWh चा आकडा दोन्ही येतील असा सलग व्हिडिओ, शेवटी कॅमेरा फिरवून घराचे दार आणि मीटर काढणारी माणसे. एक काडी बदलणे सोपे आहे, पण फिरता पडदा आणि हलती चमक प्रत्येक क्षणाला जुळवत बसणे फार कष्टाचे. मीटर काढल्याच्या कागदावर शेवटचा आकडा अंकात आणि अक्षरात लिहून घ्या, "चार हजार छत्तीस" असे. अक्षराचे शतक बदलायला एक काडी पुरत नाही. फाइल फोनमधून पुसू नका, आणि जिल्हा बैठकीआधी आम्हाला पाठवायची तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.